सूरह मुज्जम्मिलची विसावी आयत: मक्की की मदनी?

पानगळ

माझ्याकडे कुरआनाच्या दोन प्रती आहेत. एक मुंबईत मोहम्मद अली रोडवर घेतलेली, आपल्याकडच्या नेहमीच्या वळणाच्या ठसठशीत अक्षरांतली. दुसरी भावाने कुवेतहून आणलेली, १९२४ च्या कैरो आवृत्तीच्या धर्तीवर छापलेली. अरबी शिकायला लागून मला दोन वर्षे झाली असून सध्या मी लहान सूरह शब्दशः वाचण्याचा प्रयत्न करते आहे. ७३ व्या सूरहपाशी, म्हणजे अल-मुज्जम्मिलपाशी, मी अडले ती भाषेमुळे नव्हे, तर शीर्षकामुळे. मुंबईच्या प्रतीत शीर्षपट्टीवर ही सूरह मक्की आहे आणि तिच्यात वीस आयती व दोन रुकू, म्हणजे वाचनाचे दोन भाग, आहेत, एवढेच लिहिलेले आहे. दुसऱ्या प्रतीत मात्र ती मक्की असली तरी १०, ११ आणि २० या आयती मदनी आहेत आणि ही सूरह अल-कलमनंतर उतरली, असे छापले आहे.

एकाच सूरहमधल्या तीन आयती वेगळ्या काळातल्या आहेत हे कोणी आणि कशावरून ठरवले, आणि ते ठरलेले असेल तर मुंबईच्या प्रतीत ते का नाही, हा माझा प्रश्न आहे. मला श्रद्धेचा वाद नको आहे. वर्गीकरण कसे केले गेले, तेवढेच समजून घ्यायचे आहे.

वाऱ्यावरची_वरात

मदनी प्रत फारच सुंदर असते. माझ्या मामांना हजहून परतताना मिळाली होती, हिरव्या रंगाची, आणि तिची अक्षरे आपल्याकडच्या छपाईपेक्षा बारीक पण अतिशय स्वच्छ आहेत. मुंबईची प्रत आणि ती प्रत यांत मजकुराचा काहीही फरक नसतो, फक्त लिपीचे वळण आणि थांबण्याच्या खुणा वेगळ्या असतात. त्यामुळे आपण कोणतीही वाचली तरी चालेल.

पानगळ

धन्यवाद, पण माझा प्रश्न प्रत कुठे छापली याचा नाही. सूरह मक्केच्या काळात उतरली की मदिनेच्या, हे जे प्रत्येक शीर्षकात लिहितात, त्याबद्दल मी विचारते आहे. तरीही आता उत्सुकता वाटते म्हणून विचारते: मामांच्या त्या प्रतीत मुज्जम्मिलच्या शीर्षकात काय आहे?

वाऱ्यावरची_वरात

गैरसमजाबद्दल क्षमस्व. आत्ताच उघडून पाहिले. शीर्षकात सूरहचे नाव आहे, दुसरे काहीही नाही. मक्की की मदनी, ते शेवटच्या अनुक्रमणिकेच्या तक्त्यात एका शब्दात दिले आहे आणि तिथे मुज्जम्मिलपुढे मक्की असे आहे. १०, ११ आणि २० यांचा उल्लेख कुठेच सापडला नाही.

मुक्काम_पोस्ट

यात एवढे गूढ काही नाही. मक्केत उतरली ती मक्की आणि मदिनेत उतरली ती मदनी. नावातच उत्तर आहे. ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. 'या अय्युहन्नास', म्हणजे 'लोकहो' असे संबोधन आले की मक्की, आणि 'श्रद्धावंतांनो' असे आले की मदनी. 'कल्ला' हा शब्द आला की मक्की. सूरह लहान असेल तर मक्की, मोठी असेल तर मदनी. विसावी आयत लांबलचक आहे आणि तिच्यात जकातीचा व लढाईचा उल्लेख आहे, म्हणून ती मदनी. मला तरी हे सरळ वाटते.

बखरनवीस

मुक्काम_पोस्ट यांनी सांगितलेल्यातले निम्मे बरोबर आहे. उरलेले निम्मे सोडवताना पानगळ यांच्या प्रश्नाचे उत्तरही मिळेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट स्थळाची. इस्लामी अभ्यासकांनी मक्की-मदनीच्या तीन व्याख्या नोंदवल्या आहेत: स्थळावरून, संबोधितांवरून आणि काळावरून. चौदाव्या शतकातील जरकशी आणि त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहिणारे सुयूती हे दोघेही त्या तिन्ही देतात, पण प्रचलित म्हणून काळाचीच सांगतात: ६२२ मधल्या हिजरतीपूर्वी, म्हणजे पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापूर्वी, उतरले ते मक्की आणि नंतर उतरले ते मदनी, मग स्थळ कोणतेही असो. स्थळाची व्याख्या मागे पडली, कारण प्रवासात उतरलेल्या भागाचे काय करायचे ते तिच्यात सांगता येत नाही. सूरह अल-फत्ह हुदैबियाहून परतताना वाटेत उतरली, ती ना मक्केतली ना मदिनेतली. त्याहून ठळक उदाहरण पाचव्या सूरहच्या तिसऱ्या आयतीतल्या 'आज मी तुमचा धर्म तुमच्यासाठी परिपूर्ण केला' या वाक्याचे आहे. हजरत उमर यांनी एका यहुदी गृहस्थाला ते कोणत्या दिवशी आणि कुठे उतरले हे नेमके सांगितल्याचे बुखारींच्या हदीससंग्रहात आहे: शुक्रवारी, अरफातच्या मैदानात. अरफात मक्केला लागून आहे, पण ती हज हिजरतीनंतर दहाव्या वर्षीची होती, म्हणून हे वाक्य निःसंशय मदनी आहे.

दुसरी गोष्ट संबोधनाची. 'श्रद्धावंतांनो' हे मदिनेच्या काळाचे चिन्ह म्हणून बरेचसे टिकते, पण 'लोकहो' टिकत नाही. चौथी सूरह, अन-निसा, वारसाहक्काचे नियम सांगणारी आणि सर्वमान्य मदनी असून तिची सुरुवातच 'लोकहो' अशी आहे. सूरह अल-बकरा मदनी आहे, तिच्या २१ व्या आयतीतही तेच संबोधन आहे. 'कल्ला'ची खूण मात्र पक्की आहे. हा झिडकारण्याचा शब्द कुरआनात ३३ वेळा येतो, १५ सूरहमध्ये येतो आणि त्या सगळ्या मक्की धरल्या जातात.

तिसरी गोष्ट लांबीची, आणि इथे माझी खरी हरकत आहे. सूरहची लांबी काहीच सांगत नाही. अल-आराफमध्ये २०६ आयती आहेत आणि ती मक्की आहे. अन-नस्रमध्ये तीनच आयती आहेत आणि ती मदनी असून इब्न अब्बास तिला संपूर्ण उतरलेली शेवटची सूरह म्हणतात. काही सांगत असेल तर ती आयतीची लांबी सांगते, आणि तीही सावधपणेच वाचावी लागते.

आता कोणी ठरवले, याविषयी. इ.स. १०१३ मध्ये वारलेले बाकिल्लानी याबाबत एक स्पष्ट गोष्ट सांगतात, जी पुढचे सगळे उद्धृत करतात: पैगंबरांनी स्वतः 'हे मक्की, हे मदनी' अशी यादी कधी सांगितली नाही, कारण त्यांना तसा आदेश नव्हता, हे ज्ञान सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सहकाऱ्यांच्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढीच्या आठवणींवर उभे आहे. त्यामुळे मार्ग दोनच उरतात: आठवण उपलब्ध असेल तर ती ऐकणे, आणि नसेल तर ज्यांच्याविषयी आठवण आहे अशा सूरहच्या लक्षणांवरून अनुमान करणे. जुन्या परिभाषेत पहिल्याला समाई आणि दुसऱ्याला कियासी म्हणतात. मुज्जम्मिलमध्ये हे दोन मार्ग एकमेकांना छेदतात आणि म्हणूनच ती निवडण्यासारखी आहे. त्याविषयी उद्या लिहितो, पुस्तके दुसऱ्या खोलीत आहेत आणि घरातले झोपले आहेत.

खाडीपल्याड

पुस्तके येईपर्यंत माझा अनुभव सांगतो. लहानपणी मी रत्नागिरीकडच्या एका खेड्यातल्या मक्तबमध्ये शेवटचे दोन पारे पाठ केले. मुज्जम्मिल एकोणतीसाव्या पाऱ्यात येते. तिच्या पहिल्या एकोणीस आयती मी दोन सकाळींत पाठ केल्या, कारण त्या जिभेवर आपोआप चढतात: कलीला, तरतीला, सकीला, कीला, तवीला, तबतीला, वकीला. एक आयत संपली की तिचा शेवटच पुढचीला ओढून आणतो. विसावीला मात्र मला तीन दिवस लागले. तिच्यात आधार देणारे यमक नाही आणि 'फक्रऊ मा तयस्सर' हा तुकडा दोनदा येतो, त्यामुळे मी पहिल्यावरून थेट दुसऱ्याच्या पुढे उडी मारत असे आणि मार खात असे. उस्तादांनी तेव्हा मक्की-मदनी काही सांगितले नव्हते. ते एवढेच म्हणत की हा वेगळा रुकू आहे, वेगळा सबक समज.

मला त्या वयात जे जाणवले ते काळाच्या फरकामुळे होते की नुसत्या लांबीमुळे, हे मला आजही ठरवता येत नाही.

पानगळ

खाडीपल्याड, तुमच्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. मुंबईच्या प्रतीत दोन रुकू आहेत असे मी वर लिहिले होते. पहिला रुकू एकोणिसाव्या आयतीला संपतो आणि दुसऱ्यात एकटी विसावी आयत आहे! म्हणजे शीर्षकात न सांगताही त्या प्रतीने सांधा दाखवलाच आहे. कैरोच्या वळणाच्या प्रतीत रुकूच्या खुणाच नाहीत.

काल रात्री मी शब्द मोजले. लिहिताना सुटा पडणारा प्रत्येक शब्द एक धरला. पहिल्या एकोणीस आयतींत मिळून १२१ शब्द भरले, म्हणजे आयतीला सरासरी सहाच्या किंचित वर. एकट्या विसाव्या आयतीत ७८ शब्द आहेत.

बखरनवीस

मोजणीबद्दल आभार, ती पुढे उपयोगी पडेल.

आधी आयत काय म्हणते ते पाहू. सूरहची सुरुवात चादरीत लपेटलेल्या पैगंबरांना उद्देशून आहे: रात्री उठून उभा राहा, थोडा भाग वगळता, अर्धी रात्र, त्याहून थोडी कमी किंवा जास्त, आणि कुरआन संथपणे म्हण. आज्ञा एकवचनी आहे. मग नाकारणाऱ्यांच्या बोलण्यावर सबुरी ठेवण्याचा उपदेश, पर्वत वाळूच्या ढिगासारखे होतील त्या दिवसाचे वर्णन आणि फिरऔनचा दाखला येतो. एकोणिसावी आयत म्हणते की हे एक स्मरण आहे, ज्याची इच्छा असेल त्याने आपल्या प्रभूकडे जाणारा मार्ग धरावा. हेच वाक्य अक्षरशः ७६ व्या सूरहच्या २९ व्या आयतीत आहे आणि तिथेही ती सूरह संपत आलेली आहे. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला सूरह इथे मिटली.

त्यानंतर विसावी येते. तुम्ही रात्रीचा दोन तृतीयांश, अर्धा, तृतीयांश भाग उभे असता आणि तुमच्याबरोबरचा एक गटही असतो, हे प्रभूला ठाऊक आहे. ते तुम्हाला नेमके पाळता येणार नाही हेही ठाऊक आहे, म्हणून त्याने सवलत दिली आहे. आता जेवढे सहज जमेल तेवढेच म्हणा. सवलतीची कारणेही येतात: तुमच्यात आजारी असतील, व्यापारासाठी फिरणारे असतील, अल्लाहच्या मार्गात लढणारे असतील. मग नमाज, जकात आणि 'अल्लाहला उत्तम कर्ज' देण्याची आज्ञा येते, सगळी अनेकवचनात. शेवट 'गफूरुन रहीम' असा क्षमाशीलतेच्या जोडविशेषणाने होतो, जो मदनी आयतींत फार वेळा भेटतो आणि इथल्या आधीच्या यमकाशी जुळत नाही.

लक्षणांवरून पाहिले तर मुक्काम_पोस्ट म्हणतात तसा निकाल सोपा आहे. लढण्याची परवानगीच परंपरेनुसार हिजरतीनंतरची, मग लढणाऱ्यांचा उल्लेख मक्केत कसा?

पण वृत्तान्त उलटा आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात साद इब्न हिशाम पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांना पैगंबरांच्या रात्रीच्या नमाजेविषयी विचारतात. त्या सांगतात की या सूरहच्या आरंभाने रात्रीची नमाज अनिवार्य झाली, पैगंबर आणि त्यांचे सहकारी वर्षभर ती पाळत राहिले, अल्लाहने सूरहचा शेवट बारा महिने रोखून धरला आणि मग शेवटी सवलत उतरली. सूरह आरंभीच्या काळातली असेल आणि शेवट एका वर्षाने आला असेल, तर विसावी आयत ठामपणे मक्की ठरते. सुयूती नेमके हेच करतात: इब्न अल-फरस यांनी विसाव्या आयतीला अपवाद ठरवल्याचे ते नोंदवतात आणि लगेच आयशांच्या वृत्तान्ताच्या आधारे ते मत खोडून काढतात.

म्हणजे पानगळ, तुमच्या दोन प्रतींत एक जागरूक आणि एक निष्काळजी असे नाही. कैरोच्या प्रतीने अपवादाचे मत घेतले आहे, तर मुंबईच्या प्रतीची पट्टी सूरहचा आरंभ आणि बहुतांश भाग पाहून एकच शब्द देते, आणि आयशांचा वृत्तान्त मानणाऱ्याला तो एकच शब्द पुरेसाही आहे.

मुक्काम_पोस्ट

सूरह लहान-मोठ्या असण्याबद्दलची माझी चूक मान्य. पण लढाईचे काय? जी गोष्ट अजून घडलेलीच नाही तिच्यामुळे सवलत कशी मिळेल?

बखरनवीस

चौदाव्या शतकातील इब्न कसीर यांच्यापुढे हाच प्रश्न होता आणि त्यांनी तो टाळला नाही. संपूर्ण सूरह मक्की आहे, लढाईचा आदेश तेव्हा आलेला नव्हता, म्हणूनच ही आयत भविष्य सांगणारी आहे आणि प्रेषितत्वाच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक आहे, असे ते म्हणतात. श्रद्धा बाजूला ठेवली तरी व्याकरण त्यांच्या बाजूचे आहे, हे मान्य करावे लागेल. अरबीत 'अलिम अन् सयकूनु मिन्कुम' असे आहे; त्यातला 'स' भविष्यकाळाचा आहे. तुमच्यात असे लोक 'आहेत' असे नव्हे, तर 'असतील' असे ते वाक्य आहे.

जकातीचा मुद्दा त्याहून कच्चा आहे. जकात हा शब्द ४१ व्या सूरहच्या सातव्या आयतीत येतो, २३ व्या सूरहच्या चौथ्या आयतीत येतो आणि या दोन्ही सूरह मक्की आहेत. दानाची आज्ञा मक्केत होती आणि त्याचे प्रमाण व हिशेब मदिनेत ठरले, असा उलगडा इब्न कसीर याच आयतीच्या निमित्ताने देतात.

तरीही दुसऱ्या बाजूलाही वृत्तान्त आहे, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तबरी यांच्या तफसीरमध्ये, म्हणजे कुरआनावरील भाष्यात, सईद इब्न जुबैर यांचे म्हणणे आहे की सूरहचा आरंभ आणि सवलत यांच्यात दहा वर्षे गेली. तसे धरले तर आयत हिजरतीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे जाते. सईद हे सहाबा नव्हेत, पुढच्या पिढीतले आहेत, म्हणून अभ्यासकांच्या तराजूत आयशांचा शब्द जड ठरला.

शंकासूर

धागा आवडीने वाचतो आहे, पण मला मूळ पद्धतीबद्दलच शंका आहे. मक्की सूरह कोणत्या, ते बऱ्याच ठिकाणी शैलीवरून ठरवले. मग त्या सूरहवरून मक्की शैली कशी असते ते सांगितले. हे वर्तुळ नव्हे काय? शिवाय आयशांचा जन्मच मुळी पैगंबरांच्या कार्याला आरंभ झाल्यानंतरचा मानतात. सूरहचा आरंभ त्यांनी स्वतः पाहिलेला असणे अवघड आहे. मग त्यांचा वृत्तान्त प्रत्यक्षदर्शीचा कसा?

युरोपीय अभ्यासकांनी निदान हे मान्य केले की आपण भाषेवरूनच जातो. थिओडोर नोल्डेके यांनी १८६० मध्ये मक्केच्या काळाचे तीन टप्पे पाडले आणि मदिनेचा चौथा धरला. मुज्जम्मिल त्यांच्याकडे पहिल्या टप्प्यात आहे आणि विसावी आयत सरळ मदिनेची. इराणचे मेहदी बाझरगान, जे पेशाने अभियंते होते आणि १९७९ मध्ये पंतप्रधान झाले, त्यांनी तर आयतींच्या लांबीवरून सगळ्या कुरआनाचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. आकड्यांना पूर्वग्रह नसतात.

बखरनवीस

आकड्यांना नसतील, पण काय मोजायचे ते ठरवणाऱ्याला असतात. पानगळ यांचीच मोजणी घ्या. पूर्ण सूरहचे १९९ शब्द आणि वीस आयती, म्हणजे सरासरी जवळजवळ दहा. दहा शब्दांचा हा आकडा पहिल्या एकोणीस आयतींचेही वर्णन करत नाही आणि विसावीचेही नाही. तो सूरहला मक्केच्या मधल्या काळात कुठेतरी नेऊन ठेवील, जिथे तिचा कोणताच तुकडा नाही. सूरह आधी तोडली तरच सरासरी अर्थपूर्ण होते, आणि कुठे तोडायची हे यमक आणि आशय पाहूनच कळते. म्हणून बाझरगान यांनीही सूरहचे गट पाडून मोजले. वर्तुळ तिथेही आहे, फक्त ते जरा मागे सरकले आहे.

आयशांबद्दलची तुमची शंका रास्त आहे आणि परंपरेलाही ती अनोळखी नाही. त्यांना ही गोष्ट इतरांकडून कळली असणार, पण सहाबीने दुसऱ्या सहाबीकडून ऐकलेले ग्राह्य धरण्याची रीत आहे. जे त्यांनी स्वतः अनुभवले ते त्या वेगळ्या सुरात सांगतात. एका इराकी माणसाने त्यांना सूरहच्या क्रमाविषयी विचारले, त्याचे उत्तर बुखारीत आहे. त्या म्हणतात की आधी स्वर्ग-नरकाचा उल्लेख असलेले भाग उतरले, लोक इस्लामकडे वळल्यावर हलाल-हराम उतरले. पहिल्याच दिवशी 'दारू पिऊ नका' असे उतरले असते, तर लोक म्हणाले असते की आम्ही दारू कधीच सोडणार नाही. आणि पुढे: मी मक्केत खेळणारी मुलगी असताना चोपन्नाव्या सूरहमधली कयामतीच्या घटकेविषयीची आयत उतरली, पण अल-बकरा आणि अन-निसा उतरल्या तेव्हा मी पैगंबरांपाशीच होते. शैली आणि आशय यांचा काळाशी असलेला संबंध सांगणारे हे माझ्या माहितीतले सर्वांत सुंदर निवेदन आहे, कारण त्यात लक्षणांची यादी नाही. आज्ञा लांब का झाल्या, वाक्ये पसरट का झाली, याचे कारण त्या श्रोत्यांमध्ये शोधतात: मक्केत ऐकणारा हसून निघून जाणारा माणूस होता, मदिनेत ऐकणारा नियम विचारणारा.

वर्तुळाला पूर्ण तोडता येत नाही, पण त्याला बाहेरून टेकू आहेत. ज्यांच्या काळाविषयी स्वतंत्र घटना साक्ष देतात असे काही भाग आहेत, जसे अरफातचे वाक्य किंवा हुदैबियानंतरची सूरह. त्यांवरून शैलीची ओळख करून घेतली की ती इतरत्र वापरता येते, आणि जिथे ती वृत्तान्ताशी भांडते तिथे थांबावे लागते.

शंकासूर

टेकू थोडे आणि इमारत मोठी, एवढीच माझी तक्रार राहील.

खाडीपल्याड

विसावीवर इतके झाले, पण १० आणि ११ कोणी विचारल्याच नाहीत. त्या तर यमकात अगदी चपखल बसतात. 'वहजुरहुम हजरन जमीला' पाठ करताना मला कधी सांधा जाणवला नाही. त्या मदनी कशा?

बखरनवीस

या प्रश्नाची मी वाट पाहत होतो, कारण इथे सगळे चित्र उलटे होते. दहावी आयत म्हणते की ते जे बोलतात त्यावर सबुरी ठेव आणि त्यांच्यापासून सभ्यपणे दूर हो. अकरावी म्हणते की सुखवस्तू नाकारणाऱ्यांना माझ्यावर सोड आणि त्यांना थोडी मुदत दे. आशय, यमक, लांबी, एकवचनी आज्ञा, सगळे मक्की. केवळ लक्षणे पाहणारा माणूस यांना कधीच अपवाद म्हणणार नाही. सुयूती हा अपवाद इस्फहानींच्या नावावर देतात. त्याच्या मागे काय असावे याचा माग तबरींच्या तफसीरमध्ये लागतो: तिथे पुन्हा हजरत आयशांच्याच नावावर असे आहे की 'नाकारणाऱ्यांना माझ्यावर सोड' ही आयत उतरली आणि थोडाच काळ गेला तोच बद्रची लढाई झाली. बद्र हिजरतीनंतरच्या दुसऱ्या वर्षीची, म्हणजे ६२४ ची. थोडी मुदत दे म्हटले आणि मुदत खरोखरच थोडी निघाली, असा तो अर्थ.

म्हणजे विसावी आयत लक्षणांनी मदनी आणि वृत्तान्ताने मक्की; दहावी-अकरावी लक्षणांनी मक्की आणि वृत्तान्ताने मदनी. कैरोच्या शीर्षकात तिन्ही एका ओळीत आहेत, पण विसावीसाठी त्यांनी लक्षणांना मान दिला आणि इतर दोघींसाठी वृत्तान्ताला. माझ्या मते ही विसंगती आहे. दहावी-अकरावी मक्कीच मानाव्यात असे मला वाटते, कारण 'थोडाच काळ' हा शब्द सैल आहे आणि हिजरतीच्या आधीच्या एखाद्या वर्षालाही तो लावता येईल. विसावीबद्दल माझे मत अजून पक्के नाही.

मुक्काम_पोस्ट

मग एकूण आकडे तरी पक्के आहेत ना? ८६ मक्की आणि २८ मदनी, हे मी सगळीकडे वाचले आहे.

बखरनवीस

ते कैरोच्या आवृत्तीचे आकडे आहेत. सुयूती इब्न अल-हस्सार यांचे गणित देतात: वीस सूरह सर्वसंमतीने मदनी, बारांबद्दल मतभेद आणि उरलेल्या सर्वसंमतीने मक्की, म्हणजे ब्याऐंशी. कैरोने वादातल्या बारांपैकी सहा मदनीत घातल्या. त्याने सव्वीस होतात. उरलेल्या दोन, अल-हज्ज आणि अल-इन्सान, इब्न अल-हस्सार यांच्या हिशेबात सर्वसंमत मक्कीतल्या होत्या. तेव्हा सर्वसंमती हा शब्दही जपूनच घ्यावा. मुळात वादातल्या बारांमध्ये अल-फातिहा आणि अल-इख्लास आहेत, ज्या जवळपास प्रत्येक नमाजी रोज म्हणतो.

वाऱ्यावरची_वरात

आता मला कळले की मामांच्या प्रतीत शीर्षक कोरे का आहे. वादाचा विषय मजकुराच्या डोक्यावर छापायचा नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसते.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. आज पुढच्या पानावर गेले, तर अल-मुद्दस्सिरमध्ये तेच वळण पुन्हा दिसले. ३० वी आयत तीन शब्दांची आहे: तिच्यावर एकोणीस आहेत. ३१ वीत मी ५७ शब्द मोजले. तिच्यात ग्रंथधारकांचा उल्लेख आहे, 'ज्यांच्या अंतःकरणात रोग आहे' असे लोकही आहेत, आणि हे शब्द मी आतापर्यंत अल-बकरामध्येच पाहिले होते. पण मुज्जम्मिलसारखे यमक इथे तुटत नाही. ३१ वी 'लिल्बशर' वर संपते, २९ वी सुद्धा 'लिल्बशर' वरच संपते, आणि ३२ वी 'कल्ला' ने सुरू होते. आपल्याकडच्या प्रतीत रुकूची खूण ३१ व्या आयतीनंतर आहे, आधी नाही. मग ही आयत नंतरची असेल तर ती घालणाऱ्याने यमक जपले, असे समजायचे का?

बखरनवीस

जुने भाष्यकार मुकातिल यांच्या हवाल्याने ही एक आयत अपवाद असल्याची नोंद आढळते. यमकाचे तुमचे निरीक्षण मी आधी केलेले नव्हते. खाडीपल्याड, ही आयत पाठ करायला तुम्हाला किती दिवस लागले होते?

खाडीपल्याड

एकच. पण त्या वेळेपर्यंत मी मुज्जम्मिलवर मार खाऊन शहाणा झालो होतो, त्यामुळे हा पुरावा धरू नका.